विटा किती लागतील? भिंत, वीट आणि मधला सांधा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत माझ्या आधी आरोग्यावर बोलणं झालं, गुंतवणुकीवर झालं. माझ्या वाट्याला आली भिंत. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर साइटवर काढलीत, मागच्या कंपाउंडच्या वेळचा विटांचा हिशोब एकदा सगळ्यांना समजावून सांगा. सर्वसाधारण सभेत पाच मिनिटांत उरकला, निम्म्या लोकांना कळलाच नाही." तेव्हा आज तोच हिशोब सावकाश सांगतो. पाढे येत असले की पुरे, इंजिनिअर असायची गरज नाही.

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. मागच्या नाल्याकडची आपली भिंत कलली होती. ती पाडून नवी बांधायची ठरली. दुरुस्ती निधी बेताचा, म्हणून सभेत असं ठरलं की विटा, सिमेंट, वाळू सोसायटीनं स्वतः आणायची आणि फक्त मजुरी ठेकेदाराला द्यायची. काँक्रीटचे खांब आणि खालचा बीम आधी झाला. खांब मध्यापासून मध्यापर्यंत तीन मीटरवर, असे दहा गाळे. भिंत नऊ इंची, उंची दीड मीटर. आता दोन ठेकेदारांना विचारलं, विटा किती मागवू? एक म्हणाला ६,४००. दुसरा म्हणाला ५,१७५, "वर तुटफूट धरा." भिंत तीच, वीट त्याच भट्टीची, आणि फरक बाराशेच्या वर.

विटांचं एक असतं. जास्त आल्या तर भट्टीवाला परत घेत नाही, त्या पार्किंगमध्ये पडून राहतात. कमी पडल्या तर काम थांबतं, आणि नंतर येणारा लॉट वेगळ्या भाजणीचा, वेगळ्या मापाचा निघाला की नवे थर जुन्या थरांशी जुळत नाहीत. म्हणून आकडा नीट काढायलाच हवा होता.

पहिली पायरी म्हणजे वीट मोजणं. तुम्ही म्हणाल त्यात काय मोजायचं, वीट म्हणजे नऊ बाय चार बाय तीन इंच. बोलायला ते ठीक आहे. पण वीट ओल्या मातीची साच्यात पाडतात. ती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते. किती आकसेल ते मातीवर आणि भट्टीतल्या जागेवर असतं. म्हणून एक वीट उचलून टेप लावण्यात अर्थ नाही. विटांच्या भारतीय मानकात, म्हणजे १०७७ क्रमांकाच्या मानकात, याची सोपी रीत दिली आहे. वीस विटा घ्यायच्या, एकमेकींना चिकटवून सपाट जमिनीवर एका ओळीत लावायच्या आणि पूर्ण ओळ मोजायची. आधी लांबीच्या दिशेनं, मग रुंदीच्या, मग जाडीच्या. एखादी लहान, एखादी मोठी असली तरी वीस विटांत ते सावरलं जातं.

आम्ही भट्टीवरून नमुन्याच्या वीस विटा आणल्या आणि गेटजवळ ओळीत लावल्या. मुलं गोळा झाली होती, टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं. लांबीची ओळ भरली ४.४० मीटर, रुंदीची २.१० मीटर आणि जाडीची १.४० मीटर. प्रत्येकाला वीसनं भागा. एक वीट झाली २२० मिलिमीटर लांब, १०५ रुंद आणि ७० जाड. म्हणजे "नऊ-चार-तीन" म्हणून जी विकली जाते ती प्रत्यक्षात लांबीला नऊ इंचांपेक्षा कमी, रुंदीला चार इंचांपेक्षा किंचित जास्त आणि जाडीला तीन इंचांपेक्षा कमी होती.

आता या तीन आकड्यांकडे जरा बघा. रुंदी १०५. दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या आणि मध्ये १० मिलिमीटर मसाला भरला, तर १०५ अधिक १० अधिक १०५ म्हणजे २२०. हीच विटेची लांबी! हा योगायोग नाही. चांगल्या विटेचं माप असंच ठरवतात, की दोन रुंद्या आणि मधला एक सांधा मिळून एक लांबी व्हावी. नऊ इंची भिंतीत गवंडी एका थरात विटा भिंतीच्या लांबीला लावतो, दोन रांगा शेजारी शेजारी. पुढच्या थरात त्या आडव्या, भिंतीच्या आरपार टाकतो. याला इंग्लिश बाँड म्हणतात. खालच्या थराची जाडी आणि वरच्या थराची जाडी सारखी भरली तरच भिंतीची दोन्ही तोंडं सरळ येतात. म्हणजे मसाल्याची जागा विटेच्या मापातच धरलेली असते. एवढं डोक्यात बसलं की पुढचा सगळा हिशोब सोपा आहे.

दुसरी पायरी. भिंतीसमोर उभं राहून तिच्या तोंडाकडे बघायचं. विटांच्या चौकटी दिसतात. प्रत्येक विटेच्या वाट्याला तिची स्वतःची जागा येते, शिवाय एका बाजूचा एक उभा सांधा आणि एक आडवा सांधा. दुसऱ्या बाजूचा सांधा शेजारच्या विटेच्या खात्यात जातो, नाहीतर तो दोनदा मोजला जाईल. म्हणून लांबीत २२० अधिक १०, म्हणजे २३०. उंचीत ७० अधिक १०, म्हणजे ८०. एका विटेनं भिंतीच्या तोंडावर व्यापलेली जागा ०.२३ गुणिले ०.०८, म्हणजे ०.०१८४ चौरस मीटर. एक चौरस मीटरला याने भागलं की ५४.३ येतात. म्हणजे चार इंची भिंतीला चौरस मीटरला साधारण ५४ विटा. नऊ इंची भिंतीत अशा दोन रांगा, म्हणून दुप्पट, साधारण १०९.

इथं एक काका मला म्हणाले होते, "अहो, पण आरपार टाकलेल्या थराचं काय? तिथं तर विटेचं तोंड लहान दिसतं." बरोबर आहे. आरपार थरात तोंडावर १०५ दिसतात, सांधा धरून ११५. पण ११५ हे २३० च्या बरोबर निम्मे. म्हणजे लांबीच्या थरात जिथं पुढं एक आणि मागं एक अशा दोन विटा बसतात, तिथंच आरपार थरातही दोनच बसतात. आकडा बदलत नाही. मघाशी सांगितलेल्या मापाचा हाच फायदा.

आता आपली भिंत. खांब मध्यापासून मध्यापर्यंत तीन मीटरवर आहेत आणि प्रत्येक खांब २३ सेंटिमीटर रुंद. म्हणजे विटा भरायच्या त्या गाळ्याची मोकळी लांबी २.७७ मीटर. एका थरात, एका रांगेत किती विटा बसतील? १२ विटांचे २,६४० मिलिमीटर झाले. विटांच्या मध्ये ११ सांधे आणि दोन्ही टोकांना खांबाला चिकटणारे दोन, असे १३ सांधे म्हणजे १३० मिलिमीटर. बेरीज २,७७०. तंतोतंत! गाळ्याची लांबी अशी नेहमी जुळत नाही हो, एरवी शेवटी एक अद्धा घालावा लागतो. आपलं नशीब चांगलं.

तर एका रांगेत १२, दोन रांगांच्या २४. उंची दीड मीटर, थर ८० मिलिमीटरचा, म्हणजे पावणेएकोणीस थर. पाव थर कोणी बांधत नाही, म्हणून १९ थर धरले, उंची झाली १.५२ मीटर. २४ गुणिले १९ म्हणजे एका गाळ्याला ४५६ विटा. गाळे दहा. एकूण ४,५६०.

ताळा करून बघू. दहा गाळ्यांची मोकळी लांबी २७.७ मीटर, उंची १.५२, तोंडाचं क्षेत्रफळ ४२.१ चौरस मीटर. चौरस मीटरला १०८.७ प्रमाणे होतात ४,५७७. मोजून आलेला आकडा ४,५६०. फरक सतरा विटांचा. तो का पडला? कारण दर गाळ्यात विटा १२ पण सांधे १३. तो तेरावा सांधा विटांच्या हिशोबात येत नाही, त्यानं थोडी जागा खाल्ली. एवढा फरक चालतो.

मग ठेकेदारांचे आकडे कुठून आले? दोघंही प्रामाणिकच होते, हे मुद्दाम सांगतो. दोघांनीही भिंतीचं घनफळ काढलं होतं, ३० गुणिले १.५ गुणिले ०.२३, म्हणजे १०.३५ घनमीटर. खांब दोघांनीही वजा केले नाहीत.

६,४०० वाल्यानं या घनफळाला नुसत्या विटेच्या घनफळानं भागलं. वीट ०.२२ गुणिले ०.१०५ गुणिले ०.०७ म्हणजे ०.००१६१७ घनमीटर. भागाकार ६,४००. या हिशोबात भिंतीत मसाला नावाची गोष्टच नाही. आपल्या भिंतीत विटांनी भरलेली जागा साधारण ८० टक्के आहे आणि उरलेला पाचवा हिस्सा मसाला. पाचव्या हिश्शाच्या जागेत कागदावर विटाच भरल्या गेल्या, वर खांबांच्या जागेतही.

५,१७५ वाल्यानं घनमीटरला ५०० हा पाठ आकडा वापरला. हा आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्या विटेचा आहे. मेट्रिक मापं आल्यावर आपल्याकडे मानकात नवी वीट ठरवली, १९० गुणिले ९० गुणिले ९० मिलिमीटर. तिला मॉड्युलर वीट म्हणतात. तीन्ही मापांत १० मिलिमीटर सांधा मिळवा, २००, १००, १०० होतात. म्हणजे ०.००२ घनमीटर, आणि एक घनमीटरात बरोबर ५००. किती सोपा आकडा! म्हणून तो पुस्तकांत बसला आणि तिथून सगळ्यांच्या तोंडी. पण आपल्या भट्ट्यांवर अजून जुन्या इंचांच्या साच्यांतलीच वीट पडते. तिला तो आकडा लावला तर उत्तर आपलं राहत नाही.

कोणी म्हणेल, मग आपल्या विटेलाही तीन्ही बाजूंना सांधा धरू आणि घनफळानंच करू. करता येतं, पण तिथं एक खड्डा आहे. विटेला तीन्ही मापांत १० मिलिमीटर मिळवले की २३०, ११५, ८० होतात आणि घनमीटरला ४७२ ते ४७३ विटा येतात. पण आपल्या भिंतीची खरी जाडी २२० आहे, २३० नाही. भिंतीच्या जाडीत दोन विटा आणि सांधा एकच, मधला. बाहेरच्या अंगाला विटेच्या पुढं सांधा नसतो, तिथं हवा असते. खरी जाडी २२० धरून घनफळ काढलं आणि त्याला ४७२.६ नं गुणलं, तर ४,३७८ येतात. म्हणजे जवळजवळ दोनशे विटा कमी. चार इंची भिंतीत तर जाडीच्या दिशेला सांधा अजिबातच नाही, तिथं ही तूट आणखी मोठी, शंभरात आठ-नऊ विटांची. म्हणून माझं सांगणं असं की घनफळाच्या नादी लागू नका. भिंतीच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढा, तोंडावरची वीट सांध्यासकट मोजा आणि शेवटी किती रांगा आहेत त्यानं गुणा.

आता तुटफूट. ट्रकमधून उतरवताना विटा फुटतात. शिवाय सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून आरपार थराच्या टोकाला लांबीत चिरलेली अर्धी वीट घालावी लागते, आणि वीट चिरताना काही वाया जातात. फुटलेल्या विटेचा धड अद्धा मात्र टाकून द्यायचा नसतो, चांगला गवंडी तो वापरतो. आम्ही पाच टक्के धरले. ४,५६० चे पाच टक्के २२८. एकूण ४,७८८, म्हणून ४,८०० मागवल्या. वीट नऊ रुपयाला धरली तर ६,४०० आणि ४,८०० मधला फरक चौदा हजार चारशे रुपयांचा. आपल्या निधीच्या मानानं तो लहान नव्हता.

इथपर्यंत मी सांधा दहा मिलिमीटर धरून चाललो. पण कागदावरचा सांधा आणि भिंतीतला सांधा एकच असेल असं नाही. सगळा हिशोब शेवटी गवंड्याच्या थापीवर असतो. सांधा १५ मिलिमीटरचा झाला तर काय होतं ते बघा. विटेची तोंडावरची जागा होते २३५ गुणिले ८५. चौरस मीटरला दोन रांगांच्या मिळून विटा लागतात शंभर, १०९ नाही. आपल्या भिंतीत साधारण साडेतीनशे विटा वाचतात. ऐकायला बरं वाटतं ना? पण मसाला बघा. दहाच्या सांध्याला आपल्या भिंतीत १.९ घनमीटर मसाला बसतो, पंधराच्या सांध्याला २.६५ च्या पुढं जातो. चाळीस टक्के वाढ! विटांत वाचलेला पैसा सिमेंट-वाळूत जातो.

आणि प्रश्न पैशांपुरता नाही. मसाला वाळताना आकसतो, वीट तेवढी आकसत नाही. सांधा जाड असला की विटेच्या कडेनं बारीक चीर पडते आणि नाल्याकडचं पाणी तिथून आत शिरतं. शिवाय जाड सांध्याची भिंत त्याच विटांच्या बारीक सांध्याच्या भिंतीपेक्षा भार कमी घेते. तरी जाड सांधा का घालतात? कारण वाकड्यातिकड्या विटा त्यात लपतात आणि थर कमी लागल्यानं भिंत लवकर वर चढते.

हे ओळखायची रीत घरातल्या कोणालाही जमेल. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या नियमावलीत ती दिली आहे. एकच सांधा मोजायचा नाही, तो कुठं आठ भरेल कुठं बारा. लागोपाठ चार थर आणि त्यांच्यामधले तीन सांधे एकत्र मोजायचे. सत्तर मिलिमीटर जाडीच्या विटेला हे माप ३१ सेंटिमीटर यायला हवं. चार सत्ते अठ्ठावीस, म्हणजे २८० आणि वर तीन सांध्यांचे ३०. आपली वीट सत्तरचीच, म्हणून आकडा आयता मिळाला. सांधा पंधराचा असेल तर तिथं ३२.५ येतील. दीड सेंटिमीटरचा फरक टेपवर सहज दिसतो. हे प्लास्टरच्या आधी करायचं. प्लास्टर चढलं की आतलं काही दिसत नाही.

कामाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पाळीतल्या दोघी काकूंनी टेप लावला आणि तिसऱ्या गाळ्यात ३२ च्या वर माप आलं. गवंडीदादांना विचारलं तर त्यांनी विटाच दाखवल्या, "ताई, या बघा, पोटात फुगलेल्या आहेत, सांधा वाढवल्याशिवाय दोरीत बसत नाहीत." त्यांचंही खरं होतं. त्या ढिगात जास्त भाजून वाकलेल्या विटा होत्या. मग बिगाऱ्याला सांगून वाकड्या विटा बाजूला काढल्या, त्यांचे अद्धे करून टोकांना वापरले. तो गाळा ताजा होता, वरचे चार थर उतरवून पुन्हा लावले. पुढं सगळीकडे ३१ च्या आसपास माप राहिलं. भांडण झालं नाही, कारण दोन्ही बाजूंना आकडा माहीत होता.

मसाल्याचं एकदा पूर्ण करतो, कारण सिमेंटही आपणच आणलं होतं. भिंतीचं घनफळ ९.२६ घनमीटर, त्यातून ४,५६० विटांचे ७.३७ वजा केले की १.८९ उरतात. हा सांध्यांतला मसाला. विटेच्या पोटावर भट्टीवाल्याच्या नावाची जी खाच असते ना, तिच्यातही मसाला भरतो. चांगल्या मापाची खाच दहा सेंटिमीटर लांब, चार रुंद, एक खोल धरली तर सगळ्या विटांच्या मिळून ०.१८ घनमीटर होतात. थोडा सांडतो, वाळतो. एकूण सव्वादोन घनमीटर ओला मसाला धरला. कोरडं सिमेंट आणि वाळू पाणी घातल्यावर दबतात, म्हणून कोरडा माल साधारण तीस टक्के जास्त, म्हणजे तीन घनमीटरच्या जवळ. एकास सहा प्रमाणानं त्याचा सातवा भाग सिमेंट, म्हणजे बारा पोती. वाळू अडीच घनमीटर, म्हणजे एक ब्रासला थोडी कमी. आम्ही तेरा पोती आणि एक ब्रास वाळू मागवली. काम संपलं तेव्हा एक पोतं न फोडता उरलं आणि विटा उरल्या शंभरच्या आसपास. कडुनिंबाभोवतीचा कट्टा त्यांचाच आहे.

शेवटी तुमच्या घरातलं एक उदाहरण, म्हणजे रीत हातात बसेल. समजा हॉलमध्ये चार इंची आडभिंत घालायची आहे, ३ मीटर लांब, २.७ मीटर उंच, त्यात ०.९ गुणिले २.१ मीटरचं दार. क्षेत्रफळ ८.१, दार १.८९, उरले ६.२१ चौरस मीटर. वीट आपल्याच मापाची धरली तर चौरस मीटरला ५४.३, म्हणजे ३३८. पाच टक्के मिळवा, ३५५. तुमच्या ठेकेदारानं जाडी दहा सेंटिमीटर धरून घनमीटरला ५०० लावले तर तो ३१० म्हणेल, आणि शेवटचे काही थर उघडे राहतील. बघा, नऊ इंची भिंतीला जो पाठ आकडा जास्त विटा सांगत होता, तोच चार इंचीला कमी सांगतो. चूक कुठल्या बाजूला जाईल ते आधी कळत नाही, म्हणून पाठ आकड्यावर विसंबायचं नाही.

आणि याच भिंतीबद्दल एक इशारा. नुसत्या विटा आणि मसाल्याचं वजन सव्वा टनाच्या घरात जाईल, प्लास्टर वेगळं. स्लॅबवर मधोमध एवढा भार ठेवायचा की नाही हे मी सांगणार नाही आणि ठेकेदारालाही विचारू नका. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या आणि सोसायटीला अर्ज देऊन मगच काम सुरू करा. खालच्या मजल्यावर आपलंच कोणीतरी राहतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वीट बदलली की आकडा बदलतो. मी सांगितलेले ५४ आणि १०९ हे त्या भट्टीच्या, त्या लॉटच्या विटेचे आहेत, ते पाठ करू नका. वीस विटा ओळीत लावा, तोंडावरचं माप सांध्यासकट काढा, क्षेत्रफळाला भागा, रांगांनी गुणा. भिंत वर चढायला लागली की चार थरांना टेप लावा. टेप ऑफिसच्या कपाटात वरच्या खणात आहे, सही करून घेऊन जा आणि परत आणून ठेवा.